पहिला एडिटर नेमताना

कोल्हापुरातल्या घरगुती स्वयंपाकाच्या एखाद्या यूट्यूब चॅनेलचं उदाहरण घेऊ. ताई स्वयंपाक करतात, मुलगा मोबाइलवर शूट करतो आणि रात्री मागचं आवरून झाल्यावर ताईच एडिटिंगला बसतात. तांबड्या रश्श्याच्या एका व्हिडिओसाठी ५५ मिनिटांचं फुटेज जमतं, त्यातून ११ मिनिटांचा व्हिडिओ निघतो आणि त्यापायी तीन रात्री जातात. चॅनेलमधून आता महिन्याला थोडे पैसे येऊ लागलेत. एडिटिंगला कुणाला तरी ठेवावं, असा विचार साहजिकच डोक्यात येतो.

या धंद्यात एडिटर म्हणून बसणाऱ्याच्या बाजूने मी हे व्यवहार पाहत आले आहे. पहिली जोडी तुटते ती बहुतेक वेळा ठरवताना न बोललेल्या गोष्टींमुळे. काय हवंय हे एकाने सांगितलेलं नसतं आणि किती वेळ लागणार हे दुसऱ्याने.

सुरुवातीला एक गोष्ट स्वतःशी ठरवावी लागते. व्हिडिओ कापणं आणि थंबनेल करणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दोन्ही सारखीच चांगली येणारा माणूस क्वचित सापडतो. आधी कोण नेमायचं याचं उत्तर यूट्यूब स्टुडिओतल्या दोन आकड्यांत असतं. थंबनेल दिसल्यावर किती जणांनी व्हिडिओ उघडला हा एक आकडा, आणि उघडल्यावर लोक कुठे कुठे निघून गेले हे दाखवणारा आलेख ही दुसरी गोष्ट. निम्म्या चॅनेल्सचा पहिला आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो, असं यूट्यूबच सांगतं. इतक्या मोठ्या पट्ट्यावरून स्वतःबद्दल फारसं कळत नाही, म्हणून आपलेच दहा-बारा व्हिडिओ एकमेकांशी ताडून पाहावेत. आलेले लोक शेवटपर्यंत थांबतात, पण मुळात येतातच कमी, असं असेल तर आधी थंबनेल आणि शीर्षक सुधारावं. लोक येतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात पळतात, तर एडिटिंगकडे पाहावं. अर्थात सुरुवातीलाच दोन मिनिटं नमस्कार-चमत्कार चालत असतील, तर तो दोष शूटिंगचा आहे, एडिटरला त्यात करण्यासारखं थोडंच उरतं. ताईंचा प्रश्न मुख्यतः वेळेचा आहे, म्हणून त्यांना एडिटर हवा.

निवडताना शोरीलवर जाऊ नये. त्यात झगमगाट असतो, आणि तो दोन मिनिटांपुरता कुणालाही जमतो. आपल्याच शूटमधलं ६ मिनिटांचं फुटेज दोघांना द्यावं, त्यातून दीड मिनिटाचा तुकडा करून मागवावा आणि दोघांनाही त्याचे पैसे द्यावेत, न निवडलेल्यालाही. फुकट ‘सॅम्पल’ मागितलं की ज्यांच्याकडे काम आहे ते नकार देतात आणि निवड उरलेल्यांतून करावी लागते. तुकडा आला की आधी डोळे मिटून ऐकावा. मिक्सरचा आवाज कानठळ्या बसवतो आणि पुढचं वाक्य ऐकू येत नाही, वाक्याचा शेवटचा शब्द अर्धवट तुटतो, गाणं बोलण्यावर चढतं, हे डोळे उघडे असताना पटकन लक्षात येत नाही. दुसरी खूण म्हणजे त्याने काही विचारलं का. “ताई, वाटण किती वेळ भाजताना दाखवायचं?” असं काम सुरू करण्याआधी विचारणारा मुलगा मी डोळे झाकून निवडेन.

आता सूचना. ताई व्हॉट्सअॅपवर लिहितात, “छान, फास्ट, प्रोफेशनल करून दे.” मुलगा पुण्यात बसलेला, त्याने आयुष्यात रस्सा केलेला नाही. कढईत वाटण परततानाचा सात मिनिटांचा संथ तुकडा त्याला कंटाळवाणा वाटतो. तो त्याचे पाच सेकंद ठेवतो आणि त्यातही नेमका कडेने तेल सुटतानाचा क्षण उडवतो. पाहणारी मात्र तेवढ्याचसाठी आलेली असते, कारण घरी तिचं चुकतं ते तिथेच. मुलगा कामात कच्चा नाही, त्याने वेग मागितल्यावर वेगच दिला. स्वयंपाकातलं काय महत्त्वाचं हे फक्त ताईंना ठाऊक होतं आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

म्हणून चांगल्या सूचनेत काय कापायचं याआधी काय कापायचं नाही ते लिहिलेलं असतं. रश्श्याच्या व्हिडिओसाठी मी असं लिहीन: “हा व्हिडिओ पहिल्यांदा रस्सा करणाऱ्यांसाठी आहे. बघून झाल्यावर त्यांना वाटण कधी झालं हे ओळखता आलं पाहिजे. लांबी १० ते १२ मिनिटं. सुरुवातीला तयार रश्श्याचा लाल तवंग ५ सेकंद, मग थेट साहित्य. फाइल ४ मध्ये १२:३० ते १३:१० तेल सुटतं, ते सलग ठेव, त्यावर गाणं नको. फाइल ६ मध्ये मी मिठाचं प्रमाण चुकीचं बोलले, ते काढ आणि फाइल ७ मधलं घे. साहित्याची नावं आणि मापं स्क्रीनवर हवीत, यादी खाली टाइप केली आहे. गाणी फक्त यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतली. पहिला कट गुरुवारी रात्रीपर्यंत.” सोबत आपल्याला आवडलेल्या एखाद्या व्हिडिओची लिंक द्यावी, पण त्यातलं नक्की काय आवडलं तेही लिहावं. नाहीतर तुम्हाला आवडलेली असते त्याची शांतता आणि तो उचलतो त्यातली अक्षरं.

हे लिहायला अर्धा तास लागतो. शूट संपल्याबरोबर लिहिलं तर त्याहूनही कमी, कारण कुठे काय चुकलं ते तेव्हा आठवत असतं. फुटेज पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नये, चित्र दाबलं जाऊन खराब होतं. ड्राइव्हवर टाकावं. फोर-केमध्ये शूट केलेली ५५ मिनिटं सहज ९-१० जीबी भरतात, आणि गूगलची फुकट जागा १५ जीबीच आहे, हे लक्षात ठेवावं. कट आल्यावरचा अभिप्रायही वेळ घालून द्यावा. “मजा येत नाही” यावर कुणी काही करू शकत नाही. “४:१२ ला खोबरं भाजलेलं दिसण्याआधीच पुढे गेलास, ३ सेकंद वाढव” यावर दोन मिनिटांत काम होतं.

थंबनेलवाल्यासाठी मराठीची एक अडचण स्वतंत्रच आहे. बरेच डिझायनर मराठी वाचणारे नसतात. फोटोशॉपमध्ये मजकुराची `World-Ready Layout` ही सोय चालू नसेल तर देवनागरी मोडते: ‘मिरची’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, ‘रस्सा’तलं जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागतं. मराठी न वाचणाऱ्याला ते दिसत नाही आणि प्रेक्षकाला पहिल्याच नजरेत दिसतं. शब्द नेहमी टाइप करून द्यावेत, फोनवर सांगू नयेत, आणि तयार चित्रातलं अक्षर न् अक्षर स्वतः वाचावं. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट वापरता येतात. शब्द तीन-चारच द्यावेत आणि शीर्षकातलेच पुन्हा देऊ नयेत. खाली उजव्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं, तिथे काही ठेवू नये. आणि फोटो शूटच्याच दिवशी, खिडकीच्या उजेडात, वेगळा काढून द्यावा. व्हिडिओतून उचललेली हललेली फ्रेम चांगल्या डिझायनरच्याही हातून सुधारत नाही.

पैशाचा हिशोब तासांवरून करावा, मग दर व्हिडिओमागे ठरवला तरी चालेल. ११ मिनिटांच्या या व्हिडिओला फुटेज पाहून निवडायला दीड तास, पहिल्या कच्च्या कटाला अडीच, आवाज आणि रंगाला एक, स्क्रीनवरची अक्षरं आणि संगीताला दीड, दुरुस्त्यांना दीड, असे आठ तास धरू. मुलाला महिन्याला हातात ३० हजार हवेत. लॅपटॉपची झीज, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर यांचे ४ हजार धरले की ३४ हजार. महिन्यात तो २०० तास बसतो, पण काम शोधणं, मेसेज, रेंडर, अपलोड यांचे पैसे कुणी देत नाही. पैसे मिळतात ते साधारण १३६ तासांचे. म्हणजे तासाला २५० रुपये आणि या व्हिडिओचे २,०००. त्याला ७०० देऊ केले तर तासाला ९० रुपयेसुद्धा पडत नाहीत. अशा दरात तो एक तर घाईने काम करेल, नाहीतर बरं काम मिळताच जाईल.

तयार व्हिडिओच्या मिनिटामागे दर ठरवण्याची पद्धत सर्रास आहे, पण मला ती पटत नाही. २,००० भागिले ११ म्हणजे मिनिटाला साधारण १८० रुपये. पुढच्या आठवड्यात तेवढंच फुटेज नेटकं कापून त्याने ६ मिनिटांचा घट्ट व्हिडिओ केला, तर कष्ट तेवढेच किंवा जास्तच, आणि हातात १,०८०. व्हिडिओ लांबवण्यातच त्याचा फायदा राहतो.

समजा चॅनेलची कमाईच महिन्याला ६ हजार आहे आणि चार व्हिडिओंना ८ हजार लागतात. तेव्हा दर पाडण्यापेक्षा काम कमी द्यावं. निवड आणि कच्चा कट एवढंच, म्हणजे चार तासांचं काम, त्याने करावं. चार व्हिडिओंचे ४ हजार झाले, आणि ताईंच्या तीन रात्रींमधली सगळ्यात दमवणारी दीड रात्र गेली. ‘चॅनेल वाढलं की देऊ’ किंवा ‘व्ह्यूजप्रमाणे देऊ’ हे मात्र करू नये. विषय, शीर्षक, दिवस ताई ठरवतात, मग व्ह्यूज न येण्याची जोखीम त्याच्या गळ्यात का? यूट्यूबचे एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास येतात. एडिटरची तारीख त्यावर टांगू नये. पहिल्या कामाला निम्मे आगाऊ, नंतर काम पोचल्यापासून सात दिवसांत, हे मला रास्त वाटतं.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धराव्यात. सूचनेत होतं आणि राहून गेलं, ते त्याने पैसे न घेता करावं. ताईंनी नंतर मत बदललं, तर ते नवं काम. “यातून दोन शॉर्ट्सही काढून दे ना” हेही नवंच काम, आणि थंबनेलचे तीन पर्याय मागितले तर तिन्हींचे पैसे. यूट्यूबवर तीन थंबनेलं लावून कशाने जास्त पाहिलं जातं हे तपासता येतं, म्हणून तीन मागण्यात अर्थ आहे, पण एकाच्या किमतीत नाही.

हे सगळं एका पानावर किंवा ईमेलवर असावं. हक्कांचं कलम मात्र सहीनिशी कागदावर घ्यावं, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवणं लेखी आणि सही केलेलं असेल तरच ग्राह्य धरलं जातं. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल कुणाकडे राहणार हेही तिथेच लिहावं. ती हवी असेल तर तसं सुरुवातीलाच सांगून तिचा दर धरावा, काम संपल्यावर हक्काने मागू नये. चॅनेलचा पासवर्ड कधीच देऊ नये. स्टुडिओच्या सेटिंग्जमधल्या परमिशन्समध्ये जाऊन त्याचा ईमेल मर्यादित एडिटर म्हणून जोडला की तो व्हिडिओ चढवू शकतो, कमाईचे आकडे त्याला दिसत नाहीत, आणि काम थांबलं तर त्याच पानावरून त्याचं नाव काढता येतं.