सिस्टर नोकरी सोडतात, तेव्हा त्यांना काय विचारायचं?

खासगी रुग्णालयातून नोकरी सोडणाऱ्या परिचारिकांचे राजीनामे वाचले, तर पुष्कळ अर्जांत ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहिलेलं सापडतं. यात नवल नाही. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि फुल अँड फायनलचे पैसे अजून हाती पडायचे असतात. पुढच्या रुग्णालयातून कदाचित इथल्या मेट्रनलाच फोन येणार असतो. अशा वेळी खरं बोलून वाईटपणा कोण घेईल? शेवटच्या दिवशी टेबलावर सरकवलेल्या छापील फॉर्मवर ‘वेतन’ या चौकटीत खूण करून ती निघून जाते. फॉर्म फाइलला लागतो आणि वर्षाअखेरीस व्यवस्थापनाला सांगितलं जातं की, सिस्टर पगारासाठी जातात.

हा निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता बरीच असते, आणि दोष फॉर्ममधल्या प्रश्नाचा असतो. ‘तुम्ही नोकरी का सोडताय?’ या प्रश्नाला माणूस कारण जुळवून देतो. पगार हे सर्वांत बिनधोक कारण. त्याने कोणी दुखावत नाही. शिवाय ते खोटंही नसतं, कारण नव्या ठिकाणी दोन-तीन हजार जास्त मिळणारच असतात. पण ती नवी नोकरी शोधायला कशामुळे लागली, हे त्यातून कळत नाही.

थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ साली नेमकं याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. नोकरी सोडण्याचा विचार पुष्कळदा एखाद्या ठरावीक घटनेने सुरू होतो, असमाधान हळूहळू साचूनच माणूस जातो असं नाही, हे त्यांचं म्हणणं. १९९६ मध्ये त्यांनी ते तपासून पाहिलं, तेही नोकरी सोडलेल्या परिचारिकांशी बोलूनच. त्यामुळे प्रश्न कारणाचा न विचारता घटनेचा विचारावा: ‘इथून जावं असं पहिल्यांदा मनात कधी आलं? त्या आठवड्यात काय झालं होतं?’

एक नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत, पण प्रकार नेहमीचा आहे. मध्यम शहरातलं एक रुग्णालय, १२० परिचारिका, त्यांतल्या ३२ आयसीयूत. वर्षभरात २४ जणी गेल्या आणि त्यांपैकी १८ जणी बोलायला तयार झाल्या. संवाद साधारण असा होतो:

‘सिस्टर, नवीन ठिकाणी अर्ज कधी केला?’

‘गणपतीनंतर लगेच, मॅडम.’

‘तेव्हा काही घडलं होतं का?’

‘घरी दीड दिवसाचा गणपती असतो. महिनाभर आधी सुट्टी मागितली होती. ड्यूटी लिस्ट रविवारी रात्री ग्रुपवर आली आणि सोमवारपासून माझ्या नाइट. बदलून घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, आता काही होणार नाही.’

‘असं आधीही झालं होतं?’

‘दर आठवड्याला यादी रविवारीच येते. मुलाला कोणाकडे ठेवायचं ते मला रविवारी रात्री ठरवावं लागतं.’

इथे विचारणारीने ‘ड्यूटी लिस्टचा त्रास होता का?’ असं विचारलं नाही, हे महत्त्वाचं. उत्तर सुचवणारा प्रश्न टाकला की समोरची ‘हो’ म्हणते आणि त्या ‘हो’ला काही किंमत उरत नाही. अशा मुलाखतीला सहा-सात प्रश्न पुरतात: विचार कधी सुरू झाला, त्या वेळी काय घडलं, ते कोणाला सांगितलं होतं का आणि पुढे काय झालं, काय बदललं असतं तर थांबला असता, नव्या ठिकाणी असं काय आहे जे इथे नाही, इथलं काय तसंच राहावं. ‘कोणाला सांगितलं होतं का’ हा प्रश्न सहसा गाळला जातो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. तीनदा सांगूनही काही झालं नाही आणि कधी सांगितलंच नाही, या दोन वेगळ्या आजारांचे उपाय वेगळे असतात.

मुलाखत इन्चार्ज सिस्टरने किंवा मेट्रनने घेऊ नये. त्या साखळीबाहेरच्या व्यक्तीने घ्यावी. शक्य असल्यास हिशेबाचे पैसे आणि दाखला हातात दिल्यावर घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी फोन करून हेच प्रश्न पुन्हा विचारले, तर उत्तरं पुष्कळदा बदललेली आढळतात. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: नाव अहवालात येणार नाही, पण लैंगिक छळासारखी बाब पुढे आली तर ती अहवालातल्या एका ओळीवर सोडता येणार नाही. २०१३च्या कायद्यानुसार अशी तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. ती लेखी द्यावी लागते आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. हे तिला तिथेच समजावून सांगावं.

आता अहवाल. आधी सगळ्या नोंदी नुसत्या वाचायच्या आणि मग प्रत्येक उत्तरातल्या मुद्द्याला छोटं नाव द्यायचं: ‘यादी उशिरा’, ‘सुट्टी नाकारली’, ‘डॉक्टर ओरडले’. हे काम दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहावं, कारण एकट्या माणसाला आपल्याला अपेक्षित असतं तेच दिसतं. मोजताना उल्लेख मोजू नयेत, माणसं मोजावीत. एकीने यादीचं गाऱ्हाणं पाच वेळा सांगितलं तरी ती एकच.

आपल्या नमुन्यात १८ पैकी १४ जणींनी पगाराचा उल्लेख केला. पण जाण्याचा विचार पगारामुळे सुरू झालेल्या चारच निघाल्या. नऊ जणींच्या बाबतीत सुरुवात ड्यूटी लिस्टच्या घटनेने झाली, तिघींच्या लग्नाने किंवा नवऱ्याच्या बदलीने, आणि दोघींची कारणं आणखी वेगळी होती. यादीमुळे गेलेल्या नऊपैकी सात आयसीयूतल्या. एकूण गळतीही तेच सांगते: आयसीयूतल्या ३२ पैकी ११ गेल्या, म्हणजे जवळपास तिघींतली एक; बाकी विभागांतल्या ८८ पैकी १३, म्हणजे सातांतली एक. ही तुलना नसेल, तर ‘११ गेल्या’ या आकड्याला अर्थ नाही.

इथे एक अडचण उरते. मुलाखती गेलेल्यांच्याच आहेत. आयसीयूत टिकलेल्या २१ जणींनाही रविवारीच यादी मिळते, मग त्या का थांबल्या? त्यांच्यातल्या काहींशी बोलल्याशिवाय कारणावर बोट ठेवू नये. कदाचित त्यांच्या घरी सासू किंवा आई मूल सांभाळत असेल. तसं निघालं, तर यादीचा मुद्दा आणखी पक्का होतो.

व्यवस्थापनासमोर जाणारा कागद दीड-दोन पानांचा पुरे. वर एक वाक्य: आयसीयूतली गळती प्रामुख्याने आदल्या दिवशी लागणाऱ्या ड्यूटी लिस्टशी जोडलेली दिसते. त्याखाली आकडे, दोन-तीन बोलकी उद्गारवाक्यं, सहा जणींशी बोलता आलं नाही ही मर्यादा, आणि मग मागणी: यादी १५ दिवस आधी लावावी, अदलाबदलीची मुभा लेखी असावी, जबाबदारी अमक्याची, तारीख अमुक. ‘कर्मचाऱ्यांशी संवाद वाढवावा’ अशी शिफारस लिहू नये. ती झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही.

उद्गार उद्धृत करताना फार जपावं. ‘दीड दिवसाचा गणपती’ हे शब्द जसेच्या तसे छापले, तर आयसीयूतली प्रत्येक व्यक्ती ती सिस्टर कोण ते ओळखेल. तिथे ‘घरच्या कार्यासाठी’ एवढंच लिहावं. एखाद्या विभागातून पाचपेक्षा कमी जणी गेल्या असतील, तर त्याचे आकडे वेगळे न दाखवता शेजारच्या विभागात मिळवावेत.

पुढच्या सहामाही अहवालाचा पहिला परिच्छेद मागच्या मागणीचा असावा: यादी खरोखर १५ दिवस आधी लागली का, किती आठवडे लागली, आणि त्यानंतर आयसीयूतून गेलेल्यांनी विचार सुरू होण्याचा क्षण कोणता सांगितला. यादी वेळेवर लागूनही तिघींतली एक जातच असेल, तर निदान चुकलं होतं असं त्याच परिच्छेदात लिहून मुलाखतींच्या नोंदी पुन्हा काढाव्यात.