नॉर्मल रिपोर्टमागचा थकवा

चौतीस वर्षांची एक शाकाहारी बाई डोळ्यांसमोर आणा. पुण्यात नोकरी, आठवड्यातून चार दिवस जिम. वजन उतरवायचं म्हणून चार महिन्यांपूर्वी तिने भाकरी-पोळी जवळपास सोडली आणि दूधही बंद केलं. सकाळी चहा आणि ओट्स, दुपारी सॅलड-पनीर, रात्री सूप. सहा किलो वजन उतरलं. पण जानेवारीत ४० किलोचा बार घेऊन स्क्वॉट मारणारी ही बाई आता ३० किलोला धापा टाकते आणि दोन मजले चढताना मांड्या भरून येतात. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.१. बायकांसाठी १२ ही सीमारेषा, म्हणजे ती पास. लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८६, तोही नॉर्मल. ‘स्ट्रेस असेल, झोप काढ,’ असं तिला सांगण्यात आलं.

या रिपोर्टातली मेख ‘सरासरी’ या शब्दात आहे. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात. बी१२ कमी पडलं की त्या मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असतील तर रक्तात लहान आणि मोठ्या पेशींची खिचडी होते, आणि सरासरी बरोबर मधोमध येते. त्याच रिपोर्टात खाली आरडीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो. साधारण १४.५ पर्यंत ठीक मानतात, तिचा १६.८ होता. त्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या तपासणीत फेरिटिन ९ निघालं, बी१२ १५० आणि ड जीवनसत्त्व ११.

फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. १५ च्या खाली कोठी रिकामी समजतात, आणि थकवा असेल तर बरेच डॉक्टर ३० च्या खालीही लक्ष घालतात. शरीर आधी कोठीतलं लोह वापरतं, हिमोग्लोबिन शेवटी घसरतं. मधल्या काळात स्नायूंना मात्र झळ लागू शकते, कारण प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लोह लागतं. फ्रान्समध्ये अ‍ॅनिमिया नसलेल्या, पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या थकलेल्या बायकांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास निम्म्याने उतरला. खोटी गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला, हेही सांगायला हवं. सगळा थकवा लोहाचा नसतो.

आपल्याकडे बायकांसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सुचवलं जातं. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, सहाएक मिलिग्रॅम असतं. डाएटच्या नावाखाली नेमकी तीच ताटातून गेली. उरलेल्यापैकी सकाळचं लोह चहातल्या टॅनिनने अडवलं. वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवला आणि उसळीवर लिंबू पिळलं तर त्यात खरा फरक पडतो.

बी१२ ची गोष्ट वेगळी. यकृतातला त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे चार महिने दूध सोडल्याने तो संपत नाही. तिची कमतरता जुनीच होती, डाएटने फक्त उरलासुरला पुरवठा तोडला. अर्धा लिटर दुधातून दिवसाची गरज, सुमारे दोन मायक्रोग्रॅम, जेमतेम भागते. पालेभाजी-डाळीत ते नसतंच. तळपायाला मुंग्या येणं ही त्याची खूण तिला वर्षभर होती. ती बुटांना दोष देत होती!

मांड्यांमागे ड जीवनसत्त्वाचाही हात असावा. ते फार कमी झालं की कंबर-मांडीचे स्नायू आधी कुरकुरतात. मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येतं का, ते पाहावं. साठ हजार युनिटची पुडी बहुधा आठवडी आठ वेळा देतात. ‘बरं वाटतंय’ म्हणून ती वर्षभर घेत राहणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम चढू शकतं आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

तिला डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. कारण एका गोळीनंतर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढून दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. हिमोग्लोबिन महिन्याभरात हललं, पण कोठी भरायला तीन महिन्यांहून जास्त लागले. बार ३५ किलोवर आला तो दहाव्या आठवड्यात, तेही भाकरी आणि दूध परत सुरू केल्यावर.

फेरिटिन न तपासता लोह सुरू करणाऱ्यांसाठी एक अडचण आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्याही लाल पेशी लहानच दिसतात. लोहाची कोठी मात्र भरलेली असू शकते, आणि त्यांना ती गोळी मुळीच नको असते.