फोनवरच्या ‘एचआर’ला आधार-पॅन पाठवण्याआधी

फेब्रुवारी २०२२मध्ये देशभरातल्या अनेकांना स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट पाहून धक्का बसला. कधी मागितलंच नव्हतं असं कर्ज त्यांच्या नावावर चढलेलं होतं. त्यांच्या पॅन क्रमांकावर दुसऱ्याच कोणीतरी एका कर्जाच्या ॲपवरून लहान लहान रकमा उचलल्या होत्या. अभिनेत्री सनी लिओनी यांनीही आपल्या पॅनवर २,००० रुपयांचं कर्ज काढलं गेल्याचं तेव्हा समाजमाध्यमावर जाहीर केलं होतं.

पॅनची प्रत नेमकी कुठून फुटली, हे अशा प्रकरणांत शोधून काढणं फार अवघड असतं. आपण ती बँकेत, भाड्याच्या घरासाठी, मोबाइलच्या दुकानात अशी कितीतरी ठिकाणी दिलेली असते. पण या बाकीच्या ठिकाणी कुठे एखादं कागदपत्र जातं, कुठे दोन. नोकरी शोधणारा माणूस मात्र आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही आणि गुणपत्रिका असा पूर्ण संच एकाच व्हॉट्सॲप संभाषणात, न भेटलेल्या माणसाला पाठवून मोकळा होतो. कर्जाचा अर्ज भरायला किंवा बँकेत खातं उघडायला जे लागतं, ते जवळपास सगळं त्यात असतं. कमी असतो तो फक्त मोबाइलवर येणारा ओटीपी. मग ‘व्हेरिफिकेशनसाठी एक कोड आलाय तो सांगा’ असा फोन येतो आणि तेही काम होतं.

कर्ज ही त्यातली एक शक्यता. दुसरी जास्त त्रासाची आहे. उमेदवाराच्या नावाने ‘सॅलरी अकाउंट’ उघडायला लावायचं आणि त्या खात्यातून दुसऱ्यांना फसवून मिळवलेला पैसा फिरवायचा. सायबर पोलिस अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. तक्रार झाली की खातं गोठवलं जातं आणि परराज्यातल्या पोलिस ठाण्याची नोटीस येते ती खातेदाराच्या नावाने. आपण यात नव्हतो हे पटवून देण्याचं काम त्या मुलाला किंवा मुलीला करावं लागतं.

हे टाळण्यासाठी नेमकं काय करता येतं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, साताऱ्याच्या एका मुलीने बी.कॉम. होऊन नोकरीच्या संकेतस्थळावर बायोडेटा टाकला आहे. तिला फोन येतो, ‘पुण्याच्या अमुक कंपनीच्या एचआरमधून बोलतेय. बॅक ऑफिसला जागा आहे, महिना बावीस हजार. प्रोफाइल पुढे पाठवायचंय, संध्याकाळपर्यंत आधार, पॅन आणि पासबुकाचा फोटो टाक.’ कंपनी नावाजलेली आहे आणि बोलणाऱ्या बाई आपुलकीने बोलताहेत.

पहिली तपासणी अगदी साधी आहे: हा कागद या टप्प्यावर लागतो का? पॅन लागतो पगारातून आयकर कापण्यासाठी. आधार लागतं भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी. पासबुक लागतं पगार जमा करण्यासाठी. तिन्ही कामं निवड झाल्यानंतरची आहेत. मुलाखतीआधी कंपनीला बायोडेटा, फोन क्रमांक आणि ईमेल पुरतो. मोठ्या कंपन्यांत ओळखपत्र मुलाखतीच्या दिवशी फाटकावर दाखवावं लागतं, ऑनलाइन मुलाखतीतही कधी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. पण दाखवणं वेगळं आणि प्रत देऊन टाकणं वेगळं.

नकार कसा द्यायचा, इथे बहुतेकांचं अडतं. आधीच नोकरी मिळत नाही, त्यात प्रश्न विचारले तर बाई रागावतील, नाव यादीतून काढतील, ही भीती खरी आहे आणि फसवणारे नेमका तिचाच फायदा घेतात. म्हणून नकार देऊच नये. माहिती मागावी आणि कागदपत्रं कधी देणार तेही सांगावं. साताऱ्याच्या त्या मुलीने असं लिहिलं तर कोणत्याही खऱ्या एचआरला ते खटकणार नाही:

‘नमस्कार मॅडम, फोन केल्याबद्दल आभार. या कामात मला रस आहे. पदाचं नाव, कामाचं स्वरूप आणि ठिकाण, कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव आणि मुलाखत कोण घेणार, एवढी माहिती आपल्या कंपनीच्या ईमेलवरून पाठवाल का? बायोडेटा सोबत जोडला आहे. निवड झाल्यावर आधार, पॅन आणि बँकेचा तपशील लगेच देईन.’

यात कोणावर संशय घेतलेला नाही, तरी पुरेसं विचारून झालं आहे. रोज मुलाखती लावणाऱ्या माणसाकडे कामाचं वर्णन तयारच असतं, ते पुढे पाठवायला दोन मिनिटं लागतात. उलट फसवणारा माहिती देण्याऐवजी घाई वाढवतो: ‘जागा आजच बंद होतेय’, ‘विश्वास नसेल तर राहू दे’, ‘आधी कागद टाक, मग ऑफर लेटर पाठवते’. यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की तिथेच थांबावं. मुलाखतीशिवाय ऑफर लेटर निघत असेल, तर त्या कागदाला किंमत नाही.

समजा, माहिती आली. आता दोन वेगळे प्रश्न तपासायचे आहेत, आणि लोक चुकतात ते या दोन्हींची गल्लत केल्यामुळे. अशी कंपनी आहे का, हा एक. बोलणारी व्यक्ती त्या कंपनीची आहे का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीचा ‘मास्टर डेटा’ फुकट पाहता येतो. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. इन्फोसिसचा क्रमांक L85110KA1981PLC013115 असा आहे. पहिलं L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तशी नसेल तर तिथे U येतो. पुढचे पाच आकडे उद्योगाच्या प्रकाराचे, पण त्यांवर विसंबू नये, कारण कंपनीचा आजचा व्यवसाय त्यांतून कळेलच असं नाही. KA म्हणजे नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकात, 1981 हे स्थापनेचं साल, PLC म्हणजे पब्लिक कंपनी. ही कंपनी सुरू झाली पुण्यात, तरी क्रमांकात MH नाही, कारण तिचं नोंदणीकृत कार्यालय नंतर बंगळुरूला गेलं. राज्य जुळत नाही एवढ्यावरून कंपनी खोटी ठरत नाही. पाहायचं ते हे की नाव अक्षरशः जुळतं का, कंपनी चालू आहे की नोंदवहीतून वगळली गेली आहे, आणि ‘वीस वर्षं जुनी’ म्हणवणारी कंपनी गेल्याच वर्षी तर नोंदली गेली नाही ना. भागीदारी पेढी किंवा एकट्याच्या मालकीचा व्यवसाय मात्र या यादीत कंपनी म्हणून सापडत नाही. तिथे जीएसटी क्रमांक विचारून तो gst.gov.in वर पाहता येतो, पण छोट्या व्यवसायांना जीएसटी नोंदणी असतेच असं नाही.

पण हा क्रमांक सगळ्यांना खुला असतो, आणि फसवणारा खऱ्या कंपनीचंच नाव, चिन्ह, पत्ता आणि सीआयएन उचलतो. मास्टर डेटा बरोबर निघाला म्हणजे फोनवरच्या बाई खऱ्या, असं होत नाही. टीसीएससारख्या कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर इशाराच दिला आहे की जीमेल, याहूसारख्या पत्त्यांवरून आम्ही ऑफर पाठवत नाही आणि उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी ईमेलचा पत्ता नीट वाचावा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काहीही लिहिता येतं, म्हणून @ या चिन्हानंतरचा भाग पाहायचा. कंपनीच्या खऱ्या पत्त्याला ‘careers’, ‘hr’ किंवा ‘jobs’ असं शेपूट जोडून वेगळाच पत्ता घेतलेला असतो, किंवा एखादं अक्षर बदललेलं असतं. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखवता येतो, म्हणून एक पायरी पुढे जावं. आलेल्या मेलवर ‘रिप्लाय’ न दाबता कंपनीच्या पत्त्यावर आपण स्वतः नवी मेल टाइप करून पाठवावी. पत्ता खरा असेल तर ती त्याच व्यक्तीला पोचते आणि तिचं उत्तर येतं.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे उलट फोन. कंपनीचं संकेतस्थळ आपण स्वतः शोधून उघडायचं, तिथला कार्यालयाचा क्रमांक घ्यायचा आणि विचारायचं, ‘या नावाच्या मॅडम तुमच्या एचआरमध्ये आहेत का? त्यांनी मला मुलाखतीसाठी फोन केला होता.’ मेसेजमध्ये आलेल्या क्रमांकावर हा फोन करण्यात अर्थ नाही, तो उचलणाराही त्यांच्यातलाच असतो. संकेतस्थळावर ती जागा जाहीर झालेली असेल, तर तिथूनच अर्ज करणं आणखी चांगलं.

इथे खऱ्या मध्यस्थांवर अन्याय होऊ नये. पुण्या-मुंबईत पुष्कळ भरती कन्सल्टन्सीमार्फत होते. छोटे कन्सल्टंट जीमेल वापरतात आणि उमेदवाराने परस्पर अर्ज करू नये म्हणून सुरुवातीला कंपनीचं नावही सांगत नाहीत. काही ठिकाणी एकच बायोडेटा दोनदा जाऊ नये म्हणून पॅन किंवा जन्मतारीख मागण्याचीही पद्धत आहे. तेव्हा जीमेल दिसलं म्हणून संबंध तोडायची गरज नाही. नाव कळेपर्यंत बायोडेटापलीकडे काही पाठवायचं नाही, आणि पॅन मागितला तर ‘ओळखीसाठी माझा ईमेल आणि मोबाइल क्रमांक वापराल का? पॅन मी रुजू होताना कंपनीला देईन’ असं सुचवायचं. मुलाखतीची वेळ ठरली की कंपनीचं नाव सांगावंच लागतं. तेव्हा वरची सगळी तपासणी करता येते.

निवड झाली, कंपनी आणि व्यक्ती दोन्ही खऱ्या निघाल्या, तरी कागद जपूनच द्यावेत. myaadhaar.uidai.gov.in वरून ‘मास्क्ड’ आधार उतरवून घेता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. ओळख पटवण्यासाठी ते चालतं, भविष्य निर्वाह निधीसाठी पूर्ण क्रमांक लागतो आणि तो रुजू होताना दिला तरी पुरतो. प्रतीवर आडवं लिहावं: ‘फक्त अमुक कंपनीत नोकरीच्या पडताळणीसाठी’, आणि खाली तारीख. संगणकावर हा मजकूर पुसता येतो, त्यामुळे यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तरी तीच प्रत दुसरीकडे खपवणं त्याने अवघड होतं. कागद शक्यतो कंपनीच्या पोर्टलवर किंवा ईमेलवर द्यावेत, कोणाच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर नाही.

ज्यांच्याकडून आधीच कागद गेले आहेत, त्यांनी गप्प बसू नये. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. नसतील तरी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, पुढे नोटीस आलीच तर तो दाखवता येतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करावं. sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं, अनोळखी जोडणीची तक्रार तिथेच करता येते. आणि क्रेडिट रिपोर्ट पाहावा. देशात अशा चार संस्था आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही एकदम न मागवता तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवले, तर वर्षभर लक्ष ठेवता येतं. त्यात अनोळखी कर्ज दिसलं, तर ते देणाऱ्या संस्थेला आणि अहवाल देणाऱ्या संस्थेलाही तक्रारीच्या प्रतीसह त्याच आठवड्यात लेखी कळवावं.