शनिवारच्या पाच ओळी

समजा, एका बांधकाम व्यावसायिकाच्या शहरात तीन साइट चालू आहेत. तिन्हींचे इंजिनियर मनाला येईल तेव्हा आणि येईल तसं कळवतात. एक जण फोटो पाठवतो, दुसरा फोनवर बोलतो, तिसरा ‘काम जोरात चालू आहे’ एवढंच लिहितो. सगळ्यांची माहिती येते, पण ती शेजारी ठेवून पाहता येत नाही.

अशा वेळी टीमला इतकंच लिहावं: “या शनिवारपासून संध्याकाळी ५ पर्यंत पाच ओळी पाठवा. या आठवड्यात ठरलेलं काम, झालेलं काम, काय आणि कशामुळे अडलं, कोणता निर्णय कधीपर्यंत हवा, पुढच्या आठवड्याचं काम. चौथ्या ओळीचं उत्तर सोमवारी दुपारपर्यंत मिळेल. माहितीसाठी मधूनमधून फोन येणार नाहीत.” शेवटची दोन वाक्यं गाळू नयेत. आपल्याला काय मिळणार हे कळलं नाही, तर लोक अहवालाला पाळत समजतात.

आता पहिला शनिवार. पहिल्या साइटवर तिसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग झालंय, पण १२ मिमीची सळई न आल्याने स्लॅब अडलाय. दुसरीकडे प्लास्टर वेळेवर आहे. तिसरीकडेही तीच सळई अडलीय. तीन तिसऱ्या ओळी एकाखाली एक वाचताच अडचण साइटची नसून पुरवठादाराची आहे, हे उघड होतं. वेगवेगळ्या फोनांतून ते सहसा लक्षात येत नाही. शिवाय या शनिवारची पाचवी ओळ पुढच्या शनिवारी पहिली होते, त्यामुळे ठरलेलं आणि झालेलं यांचा हिशेब आपोआप लागतो.

‘काही अडलं नाही’ हेसुद्धा लिहायला सांगावं. रिकाम्या ओळीवरून सगळं ठीक आहे की लिहायचं राहिलं, हे कळत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्य केंद्रांच्या साप्ताहिक तक्त्यांतही रुग्ण नसेल तर शून्य कळवण्याची पद्धत होती, ती याच कारणासाठी.

‘८० टक्के झालं’ हे मात्र चालवून घेऊ नये. १४ पैकी ११ कॉलम भरले, असं मोजता येईल ते मागावं. तीच ओळ लागोपाठ तीन आठवडे आली, तर ती एक तर जुन्या अहवालातून उचललेली असते किंवा काम खरंच थांबलेलं असतं. दोन्हीसाठी साइटवर जावं लागतं. सोमवारचं उत्तर दोन-तीनदा चुकलं की चौथ्या ओळीत ‘नाही’ येऊ लागतं. खरी अडचण लिहिणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं, तरी तेच होतं.

अपघात, गळती, खचलेला खड्डा या गोष्टी शनिवारसाठी नाहीत. त्यांच्यासाठी लगेच फोन करायचा, हे त्याच निरोपात लिहून द्यावं.