करार संपवणारं एक पान

सोसायटीच्या कार्यालयातली एक नेहमीची रविवार सकाळ. समितीचे सात सभासद बसले आहेत आणि विषय एकच: गेटवरची सुरक्षा एजन्सी बदलायची. तक्रारी खऱ्या आहेत. रात्रपाळीचा माणूस महिन्यातून चार-पाच वेळा गैरहजर, बदली माणूस न सांगता येतो, पार्किंगमधून एक सायकल गेली. निर्णयाला दहा मिनिटं लागतात. मग अध्यक्ष सचिवांना म्हणतात, "कळवून टाका त्यांना." सचिव तिथल्या तिथे फोन काढून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात: "तुमच्या बेजबाबदारपणामुळे व चोरीच्या प्रकारामुळे पुढच्या महिन्यापासून तुमची सेवा बंद."

एका ओळीत इतक्या अडचणी क्वचितच सापडतील. ही एजन्सी आणि ही सोसायटी इथे उदाहरणापुरती घेतली आहे, पण महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. लिफ्टची देखभाल असो, सफाईचं कंत्राट असो की पाण्याच्या टँकरचा पुरवठा, कंत्राटदाराला निरोप देणारं पत्र बहुतेकदा रागाच्या भरात लिहिलं जातं. त्याची किंमत पुढे दोन-तीन महिन्यांनी कळते.

पत्राआधी कपाटातून करार काढायचा आणि त्यातलं मुदतपूर्व समाप्तीचं कलम वाचायचं. अशा करारांत सहसा दोन वेगळ्या वाटा असतात. पहिलीत कोणत्याही पक्षाला, कारण न देता, तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येतो. दुसरीत समोरच्यानं अटी मोडल्या असतील तर आधी चूक दाखवून द्यायची, सुधारायला अमुक दिवस द्यायचे आणि तरीही सुधारणा झाली नाही तर करार संपवायचा. दुसरी वाट धरली की चूक सिद्ध करण्याचा भार सोसायटीवर येतो. किती वाजता गेट रिकामं होतं, ते कुणी पाहिलं, एजन्सीला लेखी कधी कळवलं, हे सगळं कागदावर हवं. सचिवांचा संदेश वाचला तर तो दुसऱ्या वाटेचा वाटतो, पण त्या वाटेवरची एकही पायरी झालेली नाही. सुधारायला मुदत दिली नाही आणि लेखी तक्रारही नाही. त्यात 'चोरी' हा शब्द आहे. सायकल कुणी नेली हे पोलिसांनाही माहीत नसताना तो शब्द एजन्सीच्या माथी मारणं म्हणजे बदनामीच्या दाव्याला आपण होऊन दार उघडणं.

या दोन वाटांमधला फरक सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० मधल्या एका निकालात ठळक दिसतो. प्रकरण इंडियन ऑइल कॉर्पोरेशन आणि अमृतसर गॅस सर्व्हिस या वितरक संस्थेचं. कंपनीनं अटी मोडल्याचा ठपका ठेवून गॅसवितरणाचा करार संपवला. वाद लवादापुढे गेला. लवादाला तो ठपका टिकाऊ वाटला नाही आणि त्यानं वितरणाचं काम परत देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश मात्र उचलून धरला नाही. करारातच दुसरं एक कलम होतं: दोघांपैकी कुणीही कारण न देता तीस दिवसांच्या सूचनेवर करार संपवू शकतो. म्हणून न्यायालयानं ठरवलं, की असा करार जबरदस्तीनं पुढे चालू ठेवता येणार नाही. वितरकाला भरपाई मिळाली ती त्या तीस दिवसांच्या कमाईपुरती.

सोसायटीच्या दृष्टीनं यातला धडा व्यवहारी आहे. ठपका ठेवला की भांडण ठपक्यावर जातं आणि वर्षं खातं. तीस दिवसांचं कलम हाताशी असेल तर पत्रात फक्त तेवढंच लिहावं. सायकलीची तक्रार वेगळ्या कागदावर, पोलीस ठाण्यात किंवा नुकसानभरपाईच्या मागणीत जाऊ द्यावी. मात्र करारात असं कलमच नसेल आणि करार ठरावीक मुदतीचा असेल, तर मधेच पत्र देऊन मोकळं होता येत नाही. तसं केल्यास १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ७३ नुसार भरपाई मागण्याचा हक्क एजन्सीला मिळू शकतो. तिथे एकत्र बसून, परस्परसंमतीनं करार संपवण्याचा कागद करणंच शहाणपणाचं.

आता तारखांकडे येऊ. इथेच बहुतेक पत्रं घसरतात. "पुढच्या महिन्यापासून" म्हणजे नेमकं कधी? समजा समितीची सभा २४ मे २०२६ ला झाली. पत्र २६ मे रोजी टपालात पडलं आणि एजन्सीच्या हाती २८ मे रोजी पोहोचलं. करारात "सूचना मिळाल्यापासून तीस दिवस" असं असेल, तर मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं: २९ मे हा पहिला दिवस, २७ जून हा तिसावा. जेमतेम तीसच दिवस देणं धोक्याचं, कारण टपाल दोन दिवस उशिरा पोहोचलं तर सगळा हिशेब चुकतो. म्हणून सोसायटीनं ३० जून ही तारीख धरली. तीही पुरेशी नाही. ३० जूनची रात्रपाळी रात्री आठला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपते. पत्रात नुसतं "३० जूनपर्यंत" लिहिलं, तर मध्यरात्री बारा वाजता गेटवर कोण उभं राहणार, यावर दोन एजन्सींमध्ये खरोखर वाद होतो. तारखेसोबत वेळ लिहिली की तो वाद उद्भवत नाही.

पत्र पोहोचल्याचा पुरावाही हवा. करारात एजन्सीचा जो पत्ता दिला आहे त्याच पत्त्यावर ते जावं, मग ऑफिस दुसरीकडे गेलं असलं तरी. नव्या पत्त्यावर आणखी एक प्रत पाठवावी. करारात ईमेल मान्य असेल तर ईमेलही करावा. योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर टपालानं पाठवलेलं पत्र पोहोचलं असं मानण्याची तरतूद १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे आता पावती स्पीड पोस्टाची मिळते. ती जपावी, सोबत पोहोच मिळाल्याची नोंदही. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडायचं नाही, तसंच फाइलला लावायचं.

पत्राचा मजकूर साधारण असा होईल:

> विषय: दि. १ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा सेवा कराराची समाप्ती
>
> महोदय,
>
> वरील करारातील कलम १४ (तीस दिवसांची लेखी सूचना) अन्वये आम्ही हा करार संपवत असल्याचे या पत्राने कळवत आहोत. व्यवस्थापक समितीने दि. २४ मे २०२६ च्या सभेत तसा ठराव केला आहे.
>
> आपली सेवा दि. १ जुलै २०२६ रोजी सकाळी ८ वाजता थांबेल. तोपर्यंत ती करारातील अटींप्रमाणे, ठरलेल्या मनुष्यबळासह चालू ठेवावी. या काळाचे देयक नेहमीप्रमाणे दिले जाईल.
>
> हस्तांतरासाठी दि. ३० जून रोजी सायंकाळी ५ वाजता आपल्या प्रतिनिधीने सोसायटी कार्यालयात यावे. सोबतच्या यादीतील किल्ल्या, वॉकी-टॉकी, अभ्यागत नोंदवह्या व सीसीटीव्ही प्रणालीचे पासवर्ड तेव्हा ताब्यात घेतले जातील.
>
> अंतिम देयक, जूनची हजेरी व कर्मचाऱ्यांच्या पीएफ-ईएसआय भरण्याच्या चलनांसह, दि. ७ जुलैपर्यंत पाठवावे. याबाबत सचिवांशी संपर्क साधावा.
>
> हे पत्र करारानुसार सोसायटीला असलेले इतर सर्व हक्क अबाधित ठेवून देण्यात येत आहे.

यात राग नाही आणि आभारप्रदर्शनही नाही. "आपल्या उत्कृष्ट सेवेबद्दल आभारी आहोत" हे वाक्य सभ्यपणा म्हणून घालावंसं वाटतं, पण पुढे भरपाई मागायची वेळ आली तर एजन्सीचा वकील तेच वाक्य आधी वाचून दाखवेल. शेवटची ओळ मात्र टाळू नये. सूचना देऊन करार संपवला म्हणजे आधीच्या नुकसानीवर पाणी सोडलं, असा अर्थ कुणी काढू नये यासाठी ती आहे. सही कुणाची हेही महत्त्वाचं. करारावर ज्यांच्या सह्या होत्या त्या पदांवरच्या व्यक्तींनी, ठरावाचा आधार देऊन, लेटरहेडवर सही करावी. एखाद्या सभासदानं परस्पर पाठवलेला संदेश ही सोसायटीची सूचना ठरत नाही, गोंधळ मात्र वाढवतो.

चलनं मागण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गेटवरचे चौदा-पंधरा लोक एजन्सीचे नोकर आहेत, सोसायटीचे नाहीत. पण एजन्सीनं त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला नसेल, तर त्याची वसुली काम करून घेणाऱ्याच्या दारापर्यंत येऊ शकते. यात माणसांचाही प्रश्न आहे. करार संपल्याची बातमी त्यांना गेटवर सभासदांच्या तोंडून कळू नये. ती एजन्सीनं सांगावी. "तुम्हाला नव्या एजन्सीत ठेवून घेऊ" असं आश्वासन सचिवांनी देऊ नये, कारण एजन्सीचे कर्मचारी फोडायचे नाहीत अशी अट अनेक करारांत असते, आणि शब्द पाळता आला नाही तर त्या माणसाचं घर त्या शब्दावर अवलंबून राहिलेलं असतं.

शेवटचं बिल अडवून ठेवण्याचा मोह मोठा असतो. सायकलीचे पैसे त्यातून कापून घेऊ, असं कुणीतरी म्हणतंच. एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार तिचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ, व्याज बसतं. सेवेबद्दल हरकत असेल तर ती पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. ती कळवली नाही तर सेवा स्वीकारली असं धरलं जातं. म्हणून गैरहजेरीचे दिवस हजेरीवरून मोजावेत, तेवढ्याच रकमेवर लेखी हरकत घ्यावी आणि बाकीचे पैसे वेळेत द्यावेत.

एक चूक सूचना दिल्यानंतर होते. नवी एजन्सी वेळेवर आली नाही म्हणून जुन्यांना "आठवडाभर थांबा" असं तोंडी सांगितलं जातं. आठवड्याचा महिना होतो, बिल पुन्हा येतं, पुन्हा दिलं जातं. मग करार संपला होता की चालूच होता, यावर दोघांकडे दोन उत्तरं असतात. थांबवायचंच असेल तर किती दिवस, कोणत्या दरानं, आणि मूळ समाप्ती कायम आहे हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आणि ३० जूनची संध्याकाळ. टेबलावर यादी, शेजारी किल्ल्यांचा जुडगा. सुपरवायझर एकेक किल्ली ठेवतो, सचिव खूण करतात: पंप रूम, गच्ची, क्लब हाऊस, मीटर रूम. पाच वॉकी-टॉकींपैकी चारच आहेत. पाचव्यापुढे "मिळाला नाही" असं लिहून दोघं सही करतात. सीसीटीव्हीचा पासवर्ड तिथेच बदलला जातो. रात्री आठला जुन्या एजन्सीची शेवटची पाळी नेहमीसारखी गेटवर उभी राहते, आणि सकाळी आठ वाजता वहीत शेवटची नोंद करून ती नव्या माणसाच्या हातात देते.