ऐंशी टक्के कोणाचे?

नोकरी सोडून कोडिंग शिकायला निघालेला माणूस बूटकॅम्पच्या जाहिरातीत आधी प्लेसमेंटचा आकडा पाहतो. तो कशाला भागून काढलाय, हे सहसा कोणी विचारत नाही.

समजा, शंभर जणांनी प्रवेश घेतला. तीस जण मध्येच गळाले. आणखी वीस जणांनी सराव-मुलाखती चुकवल्या, म्हणून ते ‘पात्र’ यादीतून वगळले गेले. उरलेल्या पन्नासांपैकी चाळीस जणांना नोकरी लागली, की जाहिरातीत ऐंशी टक्के! फी मात्र शंभर जणांनी भरलेली असते. आणि ‘नोकरी’त सपोर्टची, इंटर्नशिपचीही गणती असू शकते. अमेरिकेत ब्लूमटेक या बूटकॅम्पवर २०२४ मध्ये सरकारी ग्राहक-वित्त संस्थेने कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के, आतल्या नोंदींत मात्र पन्नासच्या आसपास.

आपल्याकडे ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे बरेचदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ता चालूच राहू शकतो, म्हणून करार कोणाशी आहे ते सहीआधी बघावं.

अकाउंट्समधल्या माणसाने आधी दोन महिने संध्याकाळी फुकट साहित्यावर पायथन शिकावं आणि ऑफिसातल्या दोन एक्सेल शीटमधली न जुळणारी बिलं शोधणारा छोटा प्रोग्राम लिहावा. एरर आल्यावर तासभर चिकटून बसवत असेल, पण पुढे काय शिकावं आणि कोड कोणाला दाखवावा हे कळत नसेल, तर फी देण्यात अर्थ आहे. बसवतच नसेल, तर माझ्या मते पैसे भरू नयेत.