जाधवांनी काय सांगायचं नाही

“तुम्हाला काही व्यसन?” विद्यार्थी विचारतो.

समोर बसलेले जाधव मान हलवतात. “नाही हो, तसलं काही नाही.” विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जाधव गेली वीस वर्षं रोज एक पुडी तंबाखू मळून खातात, ही गोष्ट त्याला कळतच नाही. जाधवांनी मात्र काही लपवलेलं नसतं. त्यांच्या लेखी व्यसन म्हणजे दारू. तंबाखू ही सवय. “तंबाखू खाता का?” असं सरळ विचारलं असतं, तर त्यांनी तितकंच सरळ “हो” म्हटलं असतं.

हे जाधव खरे नाहीत. रुग्णाची हकिगत काढण्याच्या, म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘हिस्ट्री घेण्याच्या’ परीक्षेसाठी रचलेलं ते एक नमुन्याचं पात्र आहे. ते पात्र वठवणारी व्यक्ती मात्र खरी असते. कुणी निवृत्त बँक कर्मचारी असतो, कुणी शिक्षिका, कुणी हौशी नाटकातला कलाकार. अशा स्वयंसेवकाला ‘प्रमाणित रुग्ण’ म्हणतात. त्याच्या तयारीत अभिनयाचा वाटा थोडाच असतो. बराचसा वेळ जातो तो कोणत्या प्रश्नाला किती सांगायचं आणि कुठे थांबायचं हे अंगवळणी पाडण्यात.

ही कल्पना हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञाची. वॉर्डातल्या खऱ्या रुग्णांवर परीक्षा घेताना येणारी अडचण त्यांनी स्वतः पाहिली होती. एका परीक्षार्थीनं धसमुसळेपणानं तपासलं म्हणून चिडलेल्या रुग्णानं आपली लक्षणं मुद्दाम बदलून सांगितली, असा अनुभव ते सांगत. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी रोझ मॅकविल्यम्स या स्त्रीला तयार केलं. ती चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून काम करत असे. एका खऱ्या रुग्णाच्या आजारावरून बॅरोज यांनी ‘पॅटी डगर’ हे पात्र रचलं आणि दोन्ही पाय लुळे पडलेली ही रुग्ण तिच्याकडून बसवून घेतली. प्रत्येक विद्यार्थी गेल्यावर त्यानं काय विचारलं, काय तपासलं, याची नोंदही तीच करायची. स्टीफन अब्राहमसन यांच्यासोबत बॅरोज यांनी १९६४ मध्ये याबद्दल लेख लिहिला, तेव्हा वैद्यकीय जगात नापसंतीचा सूर उमटला. गंभीर विद्येत नाटकवाल्यांना कशाला आणता, असा आक्षेप होता.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथं रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत मांडली आणि अशा रुग्णांना हक्काची जागा मिळाली. ऑस्कीत विद्यार्थी घंटेच्या तालावर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटं आणि सगळ्यांना तेच काम. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या डॉक्टरांना ही पद्धत चांगली ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करायची तर त्यांच्यातल्या अनेकांना मँचेस्टरला ‘प्लॅब २’ द्यावी लागते. तिथं एकेका टेबलावर आठ मिनिटं मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी समोर असाच शिकवून तयार केलेला रुग्ण बसलेला असतो.

आता जाधवांकडे वळू. वय ५४, शाळेत लिपिक. तीन आठवड्यांपासून जिना चढताना छातीत जड वाटतं. थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. एवढ्यावरून हा हृदयाला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडण्याचा, तसा स्थिर प्रकार वाटतो. पण काल रात्री जेवून नुसते बसलेले असताना तोच जडपणा आला आणि दहा मिनिटं राहिला. या एका माहितीनं सगळं चित्र पालटतं. बसल्याजागी येणारी अशी कळ ही हार्ट अटॅकची पूर्वसूचना असू शकते आणि अशा माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यावं लागतं. विद्यार्थ्याला हे विचारायचं सुचतं का, हेच या टेबलावर तपासायचं आहे.

म्हणून जाधवांची हकिगत तीन थरांत लिहिलेली असते. पहिला थर म्हणजे सुरुवातीचं वाक्य: “डॉक्टर, तीन आठवडे झाले, छातीत जड जड वाटतंय.” ते शब्दशः पाठ करायचं आणि म्हणून झालं की गप्प बसायचं. दुसऱ्या थरातली माहिती “अजून सांगा” असा मोकळा प्रश्न आला की द्यायची: जिना चढताना होतं, थांबलं की जातं. तिसरा थर नेमकं विचारल्याशिवाय उघडायचा नाही. डाव्या हातापर्यंत जाणारी कळ, घाम, तंबाखू, अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेलेले वडील आणि काल रात्रीचा प्रसंग, हे सगळं त्यात येतं. “तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” असं कुणी विचारलंच, तर जाधव म्हणणार, “पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. वडिलांसारखं तर होणार नाही ना?”

समजा, तयारीसाठी दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठेवल्या. पहिल्या बैठकीत केस वाचायची आणि शब्द पक्के करायचे. इथं मराठीत एक खास अडचण येते. केस बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते आणि प्रत्येक स्वयंसेवक ती आपल्या बोलीत आणतो. एक म्हणतो ‘छातीत जड वाटतं’, दुसरा ‘छातीत दुखतं’, तिसरा ‘चमक येते’. ऐकणाऱ्याला तिन्हींचे अर्थ वेगळे लागतात. जडपणा ऐकून विद्यार्थी हृदयाकडे वळतो. चमक ऐकली तर स्नायूकडे किंवा फासळीकडे. तेव्हा तिसऱ्या स्वयंसेवकासमोर बसलेल्याला इतरांपेक्षा अवघड पेपर मिळाला, असं होतं. म्हणून ‘जड’ हाच शब्द सगळ्यांनी वापरायचा आणि तो म्हणताना छातीच्या मधोमध तळहात ठेवायचा, हे लिहूनच ठेवतात. बाकीच्या वाक्यांत ज्याची त्याची बोली चालते.

दुसऱ्या बैठकीत प्रशिक्षक विद्यार्थी होतो आणि मुद्दाम वाईट प्रश्न विचारतो. “घाम येतो, चक्कर येते, उलटी होते?” असे तीन प्रश्न एका दमात आले, तर फक्त शेवटच्याला उत्तर द्यायचं: “उलटी नाही.” घाम येतो हे विद्यार्थ्याला कळणार नाही, कारण त्यानं उत्तराला जागाच ठेवलेली नाही. “बसल्यावर बरं वाटतं ना?” असा उत्तर सुचवणारा प्रश्न आला, तर “हो, जिन्यात थांबलो की बरं वाटतं” एवढंच म्हणायचं, काल रात्रीचं तोंडातून निघता कामा नये. त्याउलट “नुसते बसलेले असताना कधी झालं?” असं विचारलं, की ते लगेच आणि पूर्ण सांगायचं. पुन्हा विचारायला लावायचं नाही. केसमध्ये नसलेलं काही विचारलं, तर ते नॉर्मल आहे असं धरून उत्तर द्यायचं आणि नवी गोष्ट रचायची नाही.

चांगल्या मनाच्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. समोर विशीतला, घाबरलेला मुलगा असतो. घंटा व्हायला एक मिनिट उरलेलं असतं आणि त्यानं महत्त्वाचा प्रश्न विचारलेला नसतो. स्वयंसेवकाला राहवत नाही आणि तो म्हणतो, “डॉक्टर, काल रात्री पण झालं बरं का.” त्या मुलाला गुण मिळतात. शेजारच्या खोलीत तितकाच घाबरलेला दुसरा मुलगा असतो. तिथला जाधव गप्प राहिल्यामुळे त्याचे गुण जातात. हौशी कलाकारांच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांचं पाठांतर उत्तम असतं, पण समोरच्याचा प्रतिसाद पाहून रंग भरायची सवय असते. पहिल्या विद्यार्थ्यासमोर जडपणा असतो आणि दहाव्यापर्यंत जाधव कण्हायला लागलेले असतात.

तिसरी बैठक नोंदीची. जिथं स्वयंसेवकच यादी भरतो, तिथं प्रत्येक मुद्द्याला विद्यार्थ्यानं ‘विचारलं’ की ‘नाही’ एवढंच लिहायचं असतं. सगळे मिळून एका सरावाचं चित्रीकरण पाहतात आणि स्वतंत्रपणे यादी भरतात. समजा वीस मुद्दे आहेत आणि दोघांचं सतरांवर एकमत झालं. मग उरलेल्या तीन मुद्द्यांवर थांबून बोलायचं. “घरात कुणाला काही आजार?” हा वडिलांच्या हृदयविकाराबद्दलचा प्रश्न धरायचा की नाही? धरायचा असं ठरलं, तर तसं यादीत लिहायचं. मग दुसरं चित्रीकरण लावायचं. एकमत वाढत नसेल, तर दोष बहुधा यादीतल्या शब्दांत असतो.

निवड करताना एक गोष्ट खाजगीत विचारलीच पाहिजे: या आजाराशी घरात काही संबंध आहे का? ज्यांचे वडील खरोखर असेच गेले, त्यांना दिवसभर पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणायला लावणं बरं नाही. केस नाकारायचा हक्क प्रत्येकाला असतो आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

परीक्षेच्या दिवशीचा हिशोब साधा आहे. विद्यार्थी साठ, प्रत्येकाला आठ मिनिटं आणि मध्ये दोन मिनिटं. म्हणजे सहाशे मिनिटं, दहा तास. एका माणसाला हे झेपणार नाही. थकलेला जाधव उत्तरं आखडतो किंवा कंटाळून सगळं आधीच सांगून टाकतो. म्हणून दोन खोल्यांत दोन समांतर फेऱ्या लावतात. प्रत्येक खोलीत दोघं आळीपाळीनं बसतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा विद्यार्थी येतात. पाचवा माणूस राखीव असतो. प्रशिक्षक मधल्या वेळेत एखादी भेट पडद्यामागून किंवा कॅमेऱ्यावर पाहतो आणि सकाळच्या व दुपारच्या जाधवांची तुलना करतो.

चारही जाधव सारखे होते का, ते संध्याकाळी आकड्यांत दिसतं. प्रत्येकासमोर बसलेल्या पंधरा जणांच्या गुणांची सरासरी काढतात. एकाची सरासरी बाकीच्यांपेक्षा बरीच वर असेल, तर एकेक मुद्दा पाहतात. बसल्याजागी आलेल्या जडपणाचा मुद्दा इतर खोल्यांत निम्म्यांनी विचारला आणि याच्याकडे पंधराच्या पंधरांनी, असं दिसलं तर संशय पक्का होतो. तरी चित्रीकरण पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, कारण त्या गटातले विद्यार्थी खरोखर हुशार असू शकतात. आणि याला मर्यादाही आहे. स्वयंसेवकाला दम लागल्याचं दाखवता येतं, पण हृदयाची मर्मर किंवा सुजलेली प्लीहा दाखवता येत नाही. म्हणून ही पद्धत हकिगत, संवाद आणि समजावून सांगणं यांसाठी उपयोगी पडते. शारीरिक खुणा शिकायला वॉर्डातच जावं लागतं.

शेवटची घंटा झाली की स्वयंसेवक लगेच घरी जात नाहीत. छातीवरची ‘जाधव’ नावाची पट्टी काढतात, आपापलं नाव मोठ्यानं सांगतात आणि चहा घेत दिवसाबद्दल बोलतात. प्रशिक्षक वही घेऊन बसतो. केसमध्ये नसलेला कोणता प्रश्न आला? चौघांपैकी तिघं एकच सांगतात: “रात्री किती वाजता जेवता?” एकानं आठ म्हटलेलं असतं, दुसऱ्यानं दहा, आणि तिसऱ्यानं “ठरलेलं नाही”. प्रशिक्षक जाधवांच्या कागदावर एक ओळ वाढवतो: जेवण रात्री नऊला.